घरच्या कॉम्प्युटरचे पाच शॉर्टकट: वडीलधाऱ्यांसाठीच्या व्हिडिओची स्क्रिप्ट आणि तिच्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी हॉलमध्ये एकच कॉम्प्युटर आहे. त्यावर निवृत्त शिक्षिका असलेली आत्या अर्ज टाइप करते, काका पेन्शनचं पान उघडतात आणि दहावीतला भाचा गेम खेळतो. काही अडलं की फोन मला येतो. रोज तेच तेच फोनवर सांगून कंटाळलो, तेव्हा पाच छोटे व्हिडिओ केले. नात्यातल्या काहींनी स्क्रिप्ट मागून घेतली आणि आपापल्या घरी वापरली. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आमच्याकडे विंडोज ११ आहे, पण हे पाचही शॉर्टकट विंडोज १० वर तसेच चालतात.

पाच शॉर्टकट कोणते? आणि नेमके हेच का?

अक्षर मोठं करायला `Ctrl` आणि `+`. चुकलेलं मागे घ्यायला `Ctrl` आणि `Z`. समोरचा सगळा पसारा बाजूला सारायला `Windows` आणि `D`. बंद न होणारी खिडकी बंद करायला `Alt` आणि `F4`. उठून जाताना कुलूप लावायला `Windows` आणि `L`.

महिनाभर मी वहीत लिहून ठेवत होतो, कोणी कशासाठी फोन केला. "अक्षरं मुंगीएवढी झालीत", "लिहिलेलं सगळं गेलं", "माझं चित्र कुठं गेलं" (म्हणजे डेस्कटॉपवरचा सिद्धेश्वर तलावाचा फोटो), "हे बंदच होईना" आणि "पोरानं माझंच उघडून ठेवलंय". फिरून फिरून हीच पाच वाक्यं येत होती. त्यांच्याच शब्दांना मी एकेक व्हिडिओ दिला आणि व्हिडिओची नावंही तीच ठेवली. 'कंट्रोल झेड' नावाची फाइल आत्या कधीच उघडणार नाही, 'लिहिलेलं गेलं' उघडेल.

कॉपी-पेस्ट मुद्दाम सोडलं. ते आमच्याकडे सगळे माउसची उजवी कळ दाबून करतात आणि त्यांचं अडत नाही.

एकच मोठा व्हिडिओ का नाही?

कारण अडचण एका वेळी एकच येते. सात मिनिटांच्या व्हिडिओत चौथ्या मिनिटाला काय होतं ते शोधत बसायला अडलेल्या माणसाला धीर नसतो. आमचा प्रत्येक व्हिडिओ साधारण दीड मिनिटाचा आहे. तो फोनवर बघायचा आणि हात कॉम्प्युटरवर ठेवायचे. फोन टेकवायला डबा, तांब्या, काहीही चालतं.

स्क्रिप्टमध्ये "दाबा" हा शब्द कुठेच का नाही?

हा प्रश्न सगळ्यांनी विचारला, आणि सगळ्या कामातली खरी मेख इथेच होती.

पहिल्या स्क्रिप्टमध्ये मी लिहिलं होतं, "कंट्रोल आणि झेड एकत्र दाबा." आत्याने ते अक्षरशः केलं. दोन्ही बोटं एकदम टेकवली. कधी `Z` आधी लागायचं आणि कागदावर नुसता 'z' उमटायचा, कधी काहीच व्हायचं नाही. मग मी म्हणालो, "नीट दाबून धर." तिने दोन्ही कळा दाबून धरल्या आणि हात काढलाच नाही. तिथेच घोळ झाला.

ती सोसायटीच्या पाण्याच्या तक्रारीचा अर्ज वर्डमध्ये लिहीत होती. मोठा `A` काढायचा होता. `Shift` च्या ऐवजी तिचं बोट त्याच्या खालच्या `Ctrl` वर पडलं. `Ctrl` आणि `A` म्हणजे सगळा मजकूर निवडणे. पान करडं झालं, तिच्या ते लक्षात आलं नाही, आणि पुढचं अक्षर टाइप करताच दीड पानाच्या जागी ते एकच अक्षर उरलं. इथे `Ctrl` धरून `Z` ला एक टिचकी मारली असती, फार तर दोन, तर सगळा अर्ज जागेवर आला असता. तो आलाही होता, पण डोळ्यांना दिसायच्या आतच पुढे गेला. कळ धरून ठेवली की कॉम्प्युटर ती पुन्हा पुन्हा मारल्यासारखी मोजतो. म्हणून आधी अर्ज परत आला, मग आत्याने सकाळपासून टाइप केलेली एकेक ओळ मागे जात गेली आणि शेवटी पान कोरं झालं. "तुझ्या औषधानंच रोगी गेला की रे," ती म्हणाली.

अर्ज वाचला. `Ctrl` धरून `Y` ला एकेक टिचकी मारत गेलं की मागे घेतलेलं पुन्हा पुढे येतं. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागल्या. मध्ये एकही नवं अक्षर टाइप करायचं नाही, नाहीतर पुढे जायची वाट बंद होते. आणि पुढे जाताना अर्ज पूर्ण दिसला की थांबायचं, कारण त्याच्या पुढच्या पायरीवर तो पुसला जाण्याचीच चूक बसलेली असते.

त्या दिवसापासून स्क्रिप्टमध्ये तीनच क्रियापदं आहेत: धरा, टिचका, सोडा. पहिली कळ धरायची, दुसरीला टिचकी मारायची, मग दोन्ही सोडायच्या. "दाबा" म्हटलं की टिचकी, धरून ठेवणं आणि जोर लावणं हे तिन्ही अर्थ एकात येतात, आणि ऐकणारा त्यातला आपल्या मनाचा निवडतो. आत्याने तर जोर लावणारा निवडला होता.

स्क्रिप्टचा नमुना द्याल का?

'लिहिलेलं गेलं' या व्हिडिओची स्क्रिप्ट देतो. आडव्या रेघेनंतरचं वाक्य मोठ्याने बोलायचं, बाकीचं चित्रीकरणासाठी आहे.

पडद्यावर चार ओळींचा अर्ज. तो निवडला जातो, एक अक्षर पडतं, सगळं जातं.
— अर्ज गेला. घाबरू नका, काही टाइप करू नका.

इथे पाच सेकंद पूर्ण शांतता ठेवायची. पडदा तसाच.
— आता कीबोर्डकडे बघा. सगळ्यात खालची ओळ, डावा कोपरा. सी, टी, आर, एल लिहिलंय, ते कंट्रोल. डाव्या हाताचं बोट त्यावर ठेवा आणि धरून ठेवा. अजून काही होणार नाही, होऊ नये.

कॅमेरा डाव्या हातावर. बोट धरलेलंच.
— कंट्रोल धरलेलंच आहे. आता उजव्या हाताने झेडला एक टिचकी. एकच. दारावर टकटक करतो तशी. आता दोन्ही हात उचला.

पडद्यावर अर्ज परत.
— आला? आला असेल तर थांबा. नसेल आला तर पुन्हा तसंच: धरा, टिचका, सोडा.

"अजून काही होणार नाही, होऊ नये" हे वाक्य गाळू नका. नुसतं `Ctrl` धरल्यावर काहीच घडत नाही म्हणून काकांनी दर वेळी हात मागे घेतला होता. त्यांना वाटलं, कळ बिघडलीय.

कोपऱ्यात `Ctrl` नसेल तर?

काही लॅपटॉपवर डाव्या कोपऱ्यात `Fn` असतं आणि `Ctrl` त्याच्या शेजारी. स्क्रिप्ट बोलायच्या आधी तुमच्या घरचा कीबोर्ड बघा आणि वाक्य बदला. दुसऱ्याच्या घरचा व्हिडिओ जसाच्या तसा पुढे पाठवला की घोटाळा होतो तो इथेच.

`Ctrl` आणि `Z` ने सगळंच परत येतं का?

नाही, आणि व्हिडिओत तसा शब्द देऊ नका. वर्डची फाइल बंद करून पुन्हा उघडली की आधीच्या चुका मागे घेता येत नाहीत. पेन ड्राइव्हवरची फाइल पुसली की ती सहसा रिसायकल बिनमध्ये जातच नाही, त्यामुळे परत येत नाही. गेलेला मेल गेला; जीमेलमध्ये तो परत घ्यायला वेगळं बटण येतं आणि तेही काही सेकंदच राहतं.

एकाच कॉम्प्युटरवर सगळे बसतात तिथे आणखी एक गोम आहे. फाइलींच्या खिडकीत किंवा डेस्कटॉपवर `Ctrl` `Z` केलं तर तिथे शेवटी झालेलं काम मागे जातं, मग ते कोणीही केलेलं असो. भाच्याने शाळेच्या प्रोजेक्टचे फोटो एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवले होते. तो उठल्यावर काका बसले, त्यांनी काहीतरी चुकलंय असं वाटून डेस्कटॉपवरच धरा-टिचका-सोडा केलं. फोटो जुन्या जागी परत गेले आणि संध्याकाळी घरात महाभारत झालं. म्हणून आमच्या व्हिडिओत आता एक वाक्य वाढलंय: "आधी आपल्या कागदावर एकदा क्लिक करा, मगच कंट्रोल झेड."

अक्षर मोठं करायचा शॉर्टकट वर्डमध्ये का चालत नाही?

तो ब्राउझरचा शॉर्टकट आहे. क्रोममध्ये `Ctrl` धरून अधिकच्या कळीला टिचकी मारली की पान १०० वरून ११०, मग १२५, १५० टक्के असं मोठं होत जातं. वजाच्या कळीने लहान होतं आणि `Ctrl` धरून `0` मारलं की मूळ मापावर येतं. अधिकचं चिन्ह `=` च्या कळीवर असतं, पण इथे `Shift` लागत नाही.

वर्डमध्ये त्याच `Ctrl` आणि `=` ने वेगळंच होतं: पुढची अक्षरं ओळीच्या खाली बारीक उमटू लागतात, पाण्याच्या सूत्रातल्या दोनसारखी. म्हणजे मोठी करायला गेलात तर आणखी लहान! तसं झालं तर तीच कळजोडी पुन्हा करायची. वर्डमध्ये पान मोठं दिसायला `Ctrl` धरून माउसचं चाक पुढे फिरवावं. चाक ब्राउझरमध्येही चालतं, म्हणून आधी मला वाटलं सगळीकडे चाकच शिकवावं. पण चाक फिरवताना आत्याचं `Ctrl` सुटतं आणि पान भलतीकडे सरकतं. शेवटी ब्राउझरसाठी कळ, वर्डसाठी चाक, असे दोन तुकडे केले.

क्रोम प्रत्येक संकेतस्थळाचं माप लक्षात ठेवतो. काकांनी नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनचं पान १७५ टक्के केलं की पुढच्या वेळी ते तसंच उघडतं. त्यांना बरं पडतं. भाच्याला पडत नाही, कारण यूट्यूबही काकांनी १७५ करून ठेवलेलं असतं.

हात थरथरतो, दोन कळा एकदम धरता येत नाहीत. काय करावं?

विंडोजमध्ये यासाठी स्टिकी कीज नावाची सोय आहे. `Shift` ला सलग पाच टिचक्या मारल्या की ती सुरू करायची का असं विचारणारी चौकट येते, तिथे `Yes` म्हणायचं. मग धरायची गरजच राहत नाही. `Ctrl` ला टिचकी, हात उचला, चहाचा घोट घ्या हवं तर, मग `Z` ला टिचकी. काम होतं. `Windows` आणि `Alt` सुद्धा असेच चालतात.

दोन ठिकाणी फसायला होतं. `Ctrl` ला चुकून लागोपाठ दोन टिचक्या बसल्या की ते अडकून राहतं आणि पुढचं प्रत्येक अक्षर शॉर्टकट होतं. टाइप केलं तर अक्षरं उमटत नाहीत, भलतंच काही उघडतं, यावरून ओळखायचं. तिसरी टिचकी मारली की सुटतं. दुसरं म्हणजे, कोणी जुन्या पद्धतीने दोन कळा एकत्र धरल्या की ही सोय आपोआप बंद होते. भाचा गेममध्ये `Shift` धरून पळतो, म्हणजे आत्याची सोय रोज संध्याकाळी बंद. हे वागणं सेटिंग्जमधल्या `Accessibility` खालच्या `Keyboard` मध्ये बदलता येतं, पण खरा उपाय म्हणजे प्रत्येकाचं वेगळं खातं. पानाचं माप आणि स्टिकी कीज, दोन्ही ज्याच्या त्याच्या खात्यापुरतं राहतं.

`Windows` आणि `L` केलं तरी कोणीही आत शिरतं. मग उपयोग काय?

खात्याला पासवर्ड किंवा पिन नसेल तर काहीच उपयोग नाही. कुलूप लावून किल्ली दारातच ठेवल्यासारखं होतं. आधी प्रत्येकाला वेगळं खातं आणि पिन द्या, मग हा व्हिडिओ दाखवा.

स्क्रिप्टमध्ये एक गोष्ट ठासून सांगितली आहे: कुलूप लावल्याने काही बंद होत नाही. अर्ज उघडा असेल तर उघडाच राहतो, परत आलं की जिथल्या तिथे सापडतो. हे कळेपर्यंत आत्या उठताना दर वेळी कॉम्प्युटर बंद करायची. उलट बाजूनेही सावध राहायला हवं. आत्याचं खातं कुलपात असताना भाच्याने आपल्या खात्यातून कॉम्प्युटर बंद करायला घेतला, तर दुसरं कोणी अजून वापरतंय, त्यांचं काम जाऊ शकतं, अशी सूचना येते. तिथे पोरं न वाचता पुढे जातात. त्यामुळे या पाचांतला हा एक व्हिडिओ मी भाच्यालाही दाखवला.

पिन चुकतोय असं फोनवर सांगितलं तर आधी विचारा, आकडे उजवीकडच्या चौकोनातून टाकताय का. `Num Lock` बंद असलं की तिथून आकडे उमटतच नाहीत.

`Alt` आणि `F4` शिकवणं धोक्याचं नाही का?

थोडं आहे. ब्राउझरमध्ये दहा पानं उघडी असतील तर दहाही जातात. तरी मी तो ठेवला, आणि कारण एकच: पूर्ण पडदा व्यापून भोंगा वाजवणारी ती खोटी सूचना. तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय, या नंबरवर लगेच फोन करा, असं लिहिलेलं असतं. बंद करायची फुली दिसत नाही, माउस सापडत नाही, आणि काका खरंच फोन हातात घेऊन बसले होते.

स्क्रिप्टमधला क्रम असा आहे. फोन करायचा नाही. `Esc` धरून ठेवायचं. पाचांत न मोजलेली आणि खरोखर धरून ठेवायची ही एकटी कळ. पडदा लहान होतो. मग `Alt` धरा, `F4` टिचका, सोडा. पान सोडायचं का असं विचारलं तर `Leave`. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर आधीची पानं परत आणायची का असं विचारलं तर नाही म्हणायचं, नाहीतर तोच भोंगा परत येतो.

लॅपटॉपवर `F4` ने आवाज किंवा उजेड कमी-जास्त होत असेल तर `Alt` सोबत `Fn` ही धरावं लागतं. वर्डमध्ये न साठवलेलं काही असेल तर साठवायचं का असा प्रश्न येतो. घाबरला असाल तर `Cancel`. आणि डेस्कटॉपवर असताना केलं तर कॉम्प्युटर बंद करायची चौकट येते. `Esc` ला टिचकी, गेली.

`Windows` आणि `D` बद्दल काही?

फारसं नाही. एकदा केलं की सगळ्या खिडक्या खाली जातात, लगेच पुन्हा केलं की वर येतात. सगळ्यांत आधी हाच व्हिडिओ दाखवा, कारण यात काही बिघडत नाही आणि धरा-टिचका-सोडाचा सराव होतो.

वीज जाते त्याचं काय? `Ctrl` आणि `S` का नाही?

रास्त तक्रार आहे. सहावा व्हिडिओ करायचा तर तोच. वर्ड ठरलेल्या वेळाने आपणहून एक प्रत राखतो, पण ती बहुधा दहा मिनिटांनी, आणि नवव्या मिनिटाला वीज गेली तर नऊ मिनिटं गेली. आमच्याकडे यूपीएस आहे म्हणून मी आळस केला.

स्क्रिप्टमध्ये "तू" ठेवायचं की "तुम्ही"?

मी "तुम्ही" ठेवलं, कारण व्हिडिओ काकाही बघतात, मामाही. आत्या रुसली. "मला तुम्ही म्हणतोस होय? मी काय परकी?" तिच्यासाठी एक वेगळा आवाज भरून दिला. तुमच्या घरी एकच जण बघणार असेल तर त्यांच्याशी रोज जसं बोलता तसंच बोला.

सोलापुरात शेजारी तेलुगू, समोर कन्नड असं असतंच. आमच्या शेजारच्या मावशींच्या मुलीने बोलणं तेलुगूत केलं, पण कळांची नावं तीच ठेवली. कळांची नावं भाषांतरित करू नका. कीबोर्डवर जे छापलंय तेच तोंडात यायला हवं.

चित्रीकरण कसं केलं?

फोनने, बसणाऱ्याच्या खांद्यावरून. समोरून घेतलं तर कीबोर्ड उलटा दिसतो आणि डावा कोपरा उजवीकडे जातो. पहिला व्हिडिओ मी असाच वाया घालवला. पडदा रेकॉर्ड करायला विंडोजचा गेम बार वापरून बघितला, पण तो डेस्कटॉप रेकॉर्ड करत नाही, म्हणजे `Windows` आणि `D` चा व्हिडिओ त्यात होऊच शकत नाही.

आवाजाचं सांगायचं तर मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करून व्हिडिओ करणं माणसाच्या हातचं नाही. वायरचा इअरफोन लावून त्याचा माइक तोंडाजवळ धरला, पंख्याचा आवाज बराच मागे गेला. पाठवताना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर तो दाबून लहान केला जातो आणि कळांवरची अक्षरं पुसट होतात.

त्यांना आलंय हे कसं ओळखायचं?

"कळलं का?" असं विचारू नका, "हो" म्हणतील. वर्डमध्ये चार ओळी लिहून त्यांच्यासमोर पुसा आणि गप्प बसा. आपला हात मागे बांधून ठेवा. आत्याला पहिल्या दिवशी व्हिडिओ तीनदा लावावा लागला, आठवड्याने एकदा. परवा तिने फोन केला आणि मी सवयीने "कंट्रोल धर..." सुरू केलं. ती म्हणाली, "ते झालं रे. प्रिंटर कुठं चालू करायचा तेवढं सांग."